धागा: एक लिटर आरओ पाण्यामागे वीज किती? मीटरचा लाल दिवा मोजून काढलेला हिशोब

सुलभा_अनगोळ
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही घरी आरओ बसवला. पंपवाला, यूव्हीचा दिवा असलेला, इथल्याच दुकानातून जोडून घेतलेला. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आमची २०२२-२३ ची महिन्याची सरासरी ७१ युनिट निघाली, त्यावर दहा टक्के धरून ७८ युनिटांपर्यंत बिल शून्य. आरओ येईपर्यंत ते कधी ओलांडलं नव्हतं. त्यानंतर मात्र महिन्याला ८५, ८६ युनिट यायला लागले. घरात नवीन काहीच नाही. फ्रिज तोच, मिक्सर तोच, पंखे तेच.

शेजारचे म्हणतात आरओ वीज खातो. दुकानदार म्हणाला ताई, ट्यूबलाइटएवढा खर्च पण नाही. मला दोघांच्या अंदाजावर जायचं नाही. आम्ही चौघं, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला १२ लिटर पाणी लागतं. एका लिटरमागे नेमकी किती वीज लागते, हे घरच्या घरी कसं काढायचं?

निपाणीकर
ताई, सोपं आहे. अडॅप्टरवर काय छापलंय बघा. साधारण २४ व्होल्ट, अडीच अँपियर असतं. गुणाकार केला की ६० वॅट. मशीन तासाला १५ लिटर पाणी देतं असं पत्रकात असतंच. ६० भागिले १५, म्हणजे लिटरला ४ वॅट-तास. तुमचे १२ लिटर म्हणजे दिवसाला ४८ वॅट-तास, महिन्याला दीड युनिटसुद्धा नाही. आरओला दोष देऊ नका, फ्रिजचं रबर तपासा.

कृष्णाकाठ_अथणी
आमच्यात पंप तर लई वीज खातंय बघा. एक एचपीची सबमर्सिबल हाय, दीडशे फुटांवर पाणी, १००० लिटरची टाकी भराय २५ मिनिटं लागत्यात. आणि पाणी असं की भांड्याला पांढरा थर बसतोय. टीडीएस ११०० दाखवतंय. त्यात आरओ बसीवला तर आता एक तांब्या भराय दहा मिनिटं लागालीत. पंप बदलू काय?

निपाणीकर
काका, ताई बोअरच्या मोटारीबद्दल विचारत नाहीत. आरओच्या आत एक छोटा पंप असतो, त्याबद्दल आहे.

टिळकवाडीचा_मेस्त्री
काकांनी चुकून लिहिलं असेल, पण ते हिशोबाबाहेरचं नाही. त्याकडे नंतर येतो. आधी सुलभाताईंचं.

निपाणीकर, तुमचा भागाकार बरोबर आहे, आकडे दोन्ही छापलेले आहेत. अडॅप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. पंप, पाणी सोडणारी-अडवणारी विजेची झडप म्हणजे एसव्ही, आणि दिवा मिळून प्रत्यक्षात त्याहून कमी ओढतात. आणि १५ लिटर हा क्षार गाळणाऱ्या कोऱ्या मेम्ब्रेनचा, चांगल्या दाबाचा, कोमट पाण्याचा आकडा. ७५ जीपीडीचं, म्हणजे दिवसाला ७५ गॅलनचं, मेम्ब्रेन नवं असतानाच तासाला १२ लिटरच्या आत असतं. दोन्हीकडे चूक असूनही उत्तर जवळपास येतं, हा योगायोग. आपण मोजूया.

ताई, मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या बाजूला 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं छापलेलं असतं. ३२०० असेल तर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे एकदा लुकलुकला की ०.३१ वॅट-तास. आकडा स्वतःच्या मीटरवरचा वाचून घ्या, तिथं चुकलात तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं येईल.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, टीव्हीचा डबा, मोबाइलचे चार्जर, वायफाय. इन्व्हर्टर असेल तर त्याचा मेनचा प्लग काढा, नाहीतर तो गुपचूप चार्ज होत राहतो आणि सगळा हिशोब बिघडवतो. मग पाच मिनिटं थांबून दिवा गप्प आहे ना बघा. त्यानंतरच आरओ चालू करायचा. शुद्ध पाण्याची बारीक नळी साठवण टाकीतून काढून मोजपात्रात सोडा. अर्धा तास एकानं दिवा मोजायचा, एकानं पाणी. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नळी परत लावा, टाकी पूर्ण भरू द्या, पंप बंद पडू द्या. मग अर्धा तास पुन्हा मीटर बघा.

सुलभा_अनगोळ
भरल्या टाकीवर कशाला बघायचं? तेव्हा तर मशीन बंदच असतं ना.

टिळकवाडीचा_मेस्त्री
ते बंद आहे का, हेच बघायचंय.

सुलभा_अनगोळ
रविवारी दुपारी मोजलं. मुलगा जिन्याखाली मीटरपाशी वही घेऊन बसला, मी स्वयंपाकघरात. आमच्या मीटरवर 3200 imp/kWh आहे. अर्ध्या तासात दिवा ६६ वेळा लुकलुकला आणि ५ लिटर ६०० मिली पाणी आलं.

६६ भागिले ३२०० म्हणजे ०.०२०६ युनिट, २०.६ वॅट-तास. ५.६ लिटरनं भागलं तर लिटरला ३.७ वॅट-तास. निपाणीकरांच्या ४ च्या जवळच आलं. एका युनिटात २७० लिटर पाणी. हे बघून मला वाटलं, चला, आरओ सुटला.

मग टाकी भरली, पंपाचा आवाज थांबला, मशीनवरचा हिरवा दिवा लागला. मुलगा खालून हाक मारून सांगतो, आई, अजून लुकलुकतोय. आम्ही घड्याळ लावलं. दर दीड मिनिटाला एकदा, नेमानं. अर्ध्या तासात २० वेळा. आरओचा प्लग काढला तर एकदम थांबला. पुन्हा लावला, पुन्हा सुरू.

टिळकवाडीचा_मेस्त्री
शाब्बास, मुलाला सांगा. आता हे बघा. अर्ध्या तासात २०, म्हणजे तासात ४०, म्हणजे साडेबारा वॅट. पंप बंद असताना एवढं ओढणारी एकच वस्तू त्या डब्यात असते, ११ वॅटचा यूव्हीचा दिवा. वरचा एक-दीड वॅट चोक आणि अडॅप्टर.

तुमचा पंप दिवसात १२ लिटरला तासाभरापेक्षा थोडाच जास्त चालतो. त्याची वीज ४४ वॅट-तास. उरलेले २३ तास साडेबारा वॅट चालू, ते होतात २८७ वॅट-तास. एकूण ३३१. बाराने भागा: लिटरला २७ च्या वर. तुम्ही मोजलेल्या ३.७ च्या सातपट. महिन्याला जवळजवळ १० युनिट, त्यातले साडेआठ काहीही न करता गेलेले. तुमचं बिल ७८ च्या वर का गेलं ते इथंच दिसतंय.

म्हणून मी पंप चालू असतानाच्या हिशोबावर कधी थांबत नाही. लिटरचा आकडा हा मशीन किती वेळ पाणी करतं आणि किती वेळ नुसतं जागं बसतं, यावर ठरतो. पाणी जितकं कमी वापराल तितका हा आकडा वाईट. दोन माणसांच्या घरात ५ लिटर लागत असतील आणि दिवा असाच जळत असेल, तर लिटरला ६० च्या पुढे जाईल.

निपाणीकर
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताई, फ्रिजचं रबर सोडा.
पण मेस्त्री, २०० युनिटपर्यंत तर फुकट आहे, मग ८६ आले तरी काय बिघडतं?

सुलभा_अनगोळ
तसं नाही हो. २०० ही वरची मर्यादा आहे. आमच्यासारख्यांना स्वतःच्या सरासरीवर दहा टक्के एवढंच शून्यात मिळतं. त्याच्या वरचे युनिट आम्ही भरतो, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. हेस्कॉमच्या बिलावर आमचे ७८ स्पष्ट लिहिलेले असतात.

रेवती_खानापूर
ताई, घाईनं दिवा बंद करू नका. आमच्याकडे सर्व्हिसला येणारा मुलगा म्हणाला होता की यूव्ही चोवीस तास चालू हवा, नाहीतर रात्री टाकीतल्या पाण्यात जंतू वाढतात. आम्ही म्हणून कधी स्विच बंद करत नाही. दरवर्षी दिवा जातो, बदलतो.

टिळकवाडीचा_मेस्त्री
रेवतीताई, दिवा कुठं बसवलाय त्यावर आहे. बहुतेक घरगुती मशीनमध्ये तो स्टीलच्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्यातून वाहत जातं. त्या नळकांड्यातून जेवढं पाणी जातं, तेवढ्यावरच प्रकाश पडतो. टाकीत साठलेल्या पाण्यापर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळं नळकांडं टाकीच्या आधी असेल, तर रात्रभर दिवा जाळून टाकीतल्या पाण्याला काही होत नाही. पंप चालेल तेव्हाच दिवा लागला की पुरे.

पण काही मशीनमध्ये नळकांडं टाकीच्या नंतर, पेल्यात पाणी घ्यायच्या तोटीच्या वाटेवर असतं. तिथं दिवा बंद केला तर पाणी उजेडाशिवाय थेट पेल्यात येणार. तिथं हात लावू नका. आणि काहींत टाकीच्या आतच छोटा एलईडीचा यूव्ही असतो, तो वेगळा प्रकार, वीज फार थोडी.

म्हणून आधी नळी कुठून कुठं जाते ती बोटानं धरून बघा. दिवा लागला की नाही हे टोकाच्या टोपणातून निळसर झाक दिसते त्यावरून कळतं. नळकांडं उघडून डोळ्यानं बघायचं नाही, तो प्रकाश डोळ्याला घातक आहे.

वर्षाला दिवा जातो म्हणालात, तेही जुळतं. या दिव्यांचं आयुष्य साधारण आठ-नऊ हजार तासांचं, आणि वर्षात तास ८७६०.

रेवती_खानापूर
बघितलं. आमच्यात मेम्ब्रेन, मग नळकांडं, मग टाकी. म्हणजे टाकीच्या आधी. मला इतकी वर्षं उलटं सांगितलं गेलं. पण एक शंका राहते. दिवसात पाच-सहा वेळा दिवा लागून बंद झाला तर तो लवकर जाणार नाही का? ट्यूबलाइटचं तसं होतं. आणि लागल्या लागल्या त्याचा जोर कमी असतो म्हणतात.

टिळकवाडीचा_मेस्त्री
दोन्ही शंका खऱ्या आहेत. प्रत्येक सुरुवातीला दिव्याची थोडी झीज होतेच, आणि पहिलं मिनिटभर त्याचा जोर कमी असतो. माझा उपाय असा की थोडं थोडं पाणी काढून पंप वारंवार सुरू करण्यापेक्षा टाकी बऱ्यापैकी खाली येऊ द्यावी आणि एकदम भरून घ्यावी. दिवसात दोन वेळा. किती वर्षं टिकतो याचा माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे, पण पक्कं मोजलेलं माझ्याकडे नाही.

निपाणीकर
मग सगळ्यात सोपं, आरओच नको. उकळून प्या. गॅसवर किंवा इंडक्शनवर.

टिळकवाडीचा_मेस्त्री
जंतूंसाठी उकळणं उत्तम, पण वीज वाचवायला नव्हे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला नुसती उष्णताच ८७ वॅट-तास लागते. भांडं, वाफ, हवा यांत जातं ते धरलं तर इंडक्शनवर शंभराच्या वर. ताईंचा बिघडलेला आरओसुद्धा २७ वर आहे. आणि उकळल्यानं क्षार पाण्यातून पार जात नाहीत, काही खाली बसतात एवढंच.

रेवती_खानापूर
आरओ नको म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. आमच्या नळाला पावसाळी नदीचं पाणी येतं, माझ्या टीडीएस मीटरवर कायम १०० च्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं. मग आम्हाला पंपाची गरज काय? नुसता यूव्हीवाला घेतला तर?

टिळकवाडीचा_मेस्त्री
१०० च्या आत असेल तर क्षारांसाठी आरओची गरज मला दिसत नाही. नुसत्या यूव्हीत पाणी नळाच्याच दाबानं मिनिटाला लिटरभर वाहतं, म्हणजे ११ वॅटच्या दिव्याला लिटरला ०.२ वॅट-तास. वाया जाणारं पाणीही शून्य. पण टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू, गढूळपणा, शेतीतली औषधं त्याला दिसत नाहीत. म्हणून एकदा प्रयोगशाळेत पाणी तपासा आणि मग ठरवा. अथणीच्या काकांना ही सोय नाही, ११०० च्या पाण्याला मेम्ब्रेन लागणारच.

कृष्णाकाठ_अथणी
मी बी मोजलं, बायकोला घिऊन. आमच्या मीटरवर 1600 imp/kWh हाय. यूव्ही नाही आमच्यात. अर्ध्या तासात २८ वेळा लुकलुकला. पाणी २ लिटर ७०० मिली. टाकी भरल्यावर गप्प. वाया जाणारं पाणी बी धरलं, एक लिटर भराय सव्वादोन मिनिटं. शुद्ध पाण्याला मात्र लिटरला ११ मिनिटं.

टिळकवाडीचा_मेस्त्री
काका, नेमकं मोजलंत. तुमचा हिशोब असा: २८ भागिले १६०० म्हणजे १७.५ वॅट-तास, म्हणजे पंप ३५ वॅट ओढतोय, ठीक आहे. पण २.७ लिटरच आलं, म्हणून लिटरला साडेसहा. पंप तेवढीच वीज खातोय, पाणी निम्मं देतोय.

पंप बदलायच्या आधी वाया जाणारं पाणी काय सांगतंय ते ऐका. त्या नळीवर पाण्याचा प्रवाह आवळणारा एक छोटा पांढरा एफआर असतो, त्यावर मिनिटाला किती मिली याचा आकडा छापलेला असतो. बहुधा ४५० असेल. आत ठरावीक बारीक वाट असते, त्यामुळं त्यातून किती पाणी येतं हे आतल्या दाबावर ठरतं. तुमचं सव्वादोन मिनिटांत लिटर, म्हणजे मिनिटाला ४४४ मिली. म्हणजे दाब आहे, पंप शाबूत आहे, मेम्ब्रेनच्या आधीच्या गाळणीच्या कँडल तुंबलेल्या नाहीत. कँडल तुंबली असती किंवा पंप दमला असता, तर दोन्हीकडचं पाणी मंदावलं असतं. तुमच्याकडे वाया जाणारं बरोबर आणि शुद्ध कमी. म्हणजे मेम्ब्रेनवर थर बसलाय. भांड्यावर दिसतो तोच.

आता बोअर. १००० लिटरला २५ मिनिटं, मोटार साधारण एक किलोवॅट ओढते असं धरलं तर ०.४२ युनिट. म्हणजे टाकीत चढलेल्या प्रत्येक लिटरमागे ०.४२ वॅट-तास. मिनिटाला ९० मिली शुद्ध आणि ४४४ वाया, म्हणजे एका शुद्ध लिटरसाठी सहा लिटर वर चढवताय. त्याचे अडीच वॅट-तास. साडेसहा आणि अडीच, नऊ. म्हणून म्हणालो होतो, तुमची सबमर्सिबल हिशोबाबाहेर नाही.

निपाणीकर
मग एफआर लहान घालू दे की. वाया जाणारं पाणी कमी, बोअरची वीज कमी.

टिळकवाडीचा_मेस्त्री
टीडीएस १५० च्या पाण्याला चालेल. ११०० ला नाही. वाया जाणारं पाणी हेच क्षार धुऊन नेतं. ते आवळलं की क्षार मेम्ब्रेनपाशी दाट होतात आणि थर आणखी भरभर बसतो. दोन महिने वीज वाचेल, मग नवं मेम्ब्रेन. उलट ते पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला, संडासाला वापरा, म्हणजे त्याला चढवलेली वीज फुकट जात नाही. रोपांना घालू नका, क्षार दुपटीनं नाही, तरी वाढलेले असतात.

कृष्णाकाठ_अथणी
एफआरवर ४५० च लिवलंय. मेम्ब्रेन सांगितलंय, बुधवारी येतंय. आमच्या गावात पाच रुपयाचं नाणं टाकून २० लिटर मिळतंय, तिथनंच आणाय सांगाल्यात शेजारी. पण कॅन उचलून आणाय आता जमत नाही.

सुलभा_अनगोळ
मेस्त्रींनी सांगितल्यावर दुकानदाराला बोलावलं. त्यानं उघडून दाखवलं: यूव्हीच्या चोकची वायर थेट आत येणाऱ्या २३० व्होल्टवर जोडली होती, फ्लोटच्या आधी. फ्लोटनं पंप थांबायचा, दिव्यापर्यंत ती गोष्ट पोचतच नव्हती. आमचंही नळकांडं टाकीच्या आधी आहे, मी स्वतः नळी धरून बघितली. त्यानं २४ व्होल्टवर चालणारा चोक घालून पंपाच्याच वायरीवर घेतला. दहा मिनिटांचं काम.

लगेच पुन्हा मोजलं. पंप चालू असताना अर्ध्या तासात ६५. टाकी भरल्यावर एक तास बसलो, एकदाही लुकलुकला नाही.

टिळकवाडीचा_मेस्त्री
छान. एक लक्षात असू द्या, अडॅप्टर प्लगमध्ये असेल तर अर्धा-एक वॅट ओढतच असतो. इतका बारीक भार मीटरला जाणवेलच असं नाही. म्हणजे तो शून्य आहे असं नव्हे, पण तुमच्या बिलात दिसणार नाही.

सुलभा_अनगोळ
महिन्यानं लिहितेय. या बिलात ७७ युनिट आले. पाणी तेवढंच, माणसं तेवढीच. आमच्या गल्लीत याच दुकानाचे आणखी तीन आरओ आहेत. काल एका घरी टाकी भरलेली असताना मुलानं मीटर बघितला, दर दीड मिनिटाला लुकलुकतोय. बाकीची दोन घरं या रविवारी.

कृष्णाकाठ_अथणी
नवीन मेम्ब्रेन बसलं. लिटरला पाच मिनिटं दहा सेकंद. अर्ध्या तासात दिवा २८ च. टीडीएस ७०. मेस्त्री, हे किती महिने टिकंल आमच्या पाण्यात?

टिळकवाडीचा_मेस्त्री
काका, ते तुमचं पाणीच सांगेल. आजची पाच मिनिटं दहा सेकंद मशीनवर पेननं लिहून ठेवा, तारखेसकट. दर महिन्याला एक लिटर मोजा. थंडीत पाणी गार झालं की थोडं हळू येईल, अंशामागे तीन टक्के तरी, त्यानं घाबरू नका. पण उन्हाळ्यात सात मिनिटांच्या वर गेलं तर इथं लिहा.

कृष्णाकाठ_अथणी
लिवलं. दारावर खडूनं बी लिवलं.